डुप्लिकेट प्लग, डुप्लिकेट फिल्टर: फोटोत काय दिसते

स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर हे इंजिनाचे ठरावीक किलोमीटरनंतर बदलावेच लागणारे सुटे भाग आहेत. दोन्हींचा कामाचा भाग गिऱ्हाइकाच्या नजरेआड असतो. प्लगचे टोक सिलिंडरच्या आत जाते आणि फिल्टर काळ्या डब्यात बंद होतो. गाडी सुरू झाली की दोन्ही ठीक आहेत असे धरले जाते. खप कायमचा आणि तपासणी जवळजवळ शून्य, त्यामुळे नकली माल बनवणाऱ्यांची या दोन वस्तूंवर पहिल्यापासून नजर आहे.

बाजारातल्या बोलीत 'लोकल' आणि 'डुप्लिकेट' हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. लोकल माल स्वतःच्या नावाने विकला जातो. तो बरा असेल किंवा वाईट, पण तो फसवत नाही. डुप्लिकेट माल दुसऱ्याच्या नावाने विकला जातो. नोंदणीकृत नाव असे खोटे वापरणे हा ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ नुसार गुन्हा असून त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. फोटोवरून जो निवाडा करायचा, तो या दुसऱ्या प्रकाराचा: खोक्यावर जे नाव आणि जो क्रमांक छापला आहे, आतली वस्तू खरोखर तीच आहे का?

हल्ली हा प्रश्न फोटोवरूनच सोडवावा लागतो, कारण माल ऑनलाइन येतो किंवा गॅरेजवाला व्हॉट्सॲपवर खोक्याचा फोटो टाकून 'हाच लावू का?' असे विचारतो. फोटो पाहण्याआधी तो कोणत्या वस्तूचा आहे हे ठरवावे लागते. ऑनलाइन विक्रेते बऱ्याचदा कंपनीच्या कॅटलॉगमधले चित्रच लावतात. त्या चित्राचा हातात येणाऱ्या मालाशी काही संबंध असेलच असे नाही. म्हणून विक्रेत्याकडून प्रत्यक्ष नगाचा फोटो मागवावा आणि शेजारी कागदाच्या चिठोऱ्यावर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवायला सांगावे. एवढ्यावरच काही विक्रेते गप्प होतात. तेही उत्तरच समजावे.

फोटो कसा हवा

मोबाइलचा फोटो वस्तूबद्दल दोन प्रकारे खोटे बोलतो. पहिला प्रकार जवळिकीचा. प्लग आठ-दहा सेंटीमीटरवर धरून फोटो काढला की कॅमेऱ्याच्या जवळची बाजू फुगून दिसते, लांबची आक्रसते, आणि सरळ वस्तूही तिरकी वाटते. मग मध्यभागी नसलेला इलेक्ट्रोड प्लगचा दोष आहे की कॅमेऱ्याचा, हे सांगता येत नाही. फोन निदान फूटभर लांब धरून, सोय असेल तर दुप्पट झूमची लेन्स वापरून काढलेला फोटो मोजमापाच्या कामाचा असतो.

दुसरा प्रकार उजेडाचा. फ्लॅश मारला की धातूवर पांढरा डाग पडतो आणि नेमका पृष्ठभागच दिसेनासा होतो. खिडकीतून एका बाजूने येणारा उजेड सर्वांत चांगला. खाचखळगे, कोर उठलेले आटे, वेल्डिंगची कड हे सारे अशा उजेडात सावलीमुळे वर येते. फिल्टरच्या घड्यांनाही हाच नियम लागू आहे.

व्हॉट्सॲपने नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो. त्यात बारीक अक्षरांच्या कडा विरघळतात आणि त्यांच्याभोवती चौकटीचौकटींची जाळी तयार होते. ही जाळी पाहून छपाई खराब आहे असा निष्कर्ष काढणाऱ्यांची संख्या कमी नाही. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ रूपात येतो. छपाईबद्दल काहीही म्हणण्याआधी ही एवढी खटपट करावीच लागते.

खोक्याची छपाई

खोके तपासताना नजर प्रथम मोठ्या नावावर जाते, आणि तिथेच ती फसते. नकली माल बनवणारा सगळी मेहनत मोठ्या अक्षरांवर घेतो. पाहायचे ते सर्वांत बारीक अक्षर: पत्त्याची ओळ, सूचना, कोपऱ्यातला छापखान्याचा क्रमांक.

कारण छपाईच्या तंत्रात आहे. मोठ्या कंपन्यांच्या खोक्यांवरचा ठळक रंग पुष्कळदा त्या रंगासाठीच मिसळलेल्या शाईने छापतात. अशा शाईचा पट्टा भिंगाखाली सलग दिसतो आणि त्यातल्या अक्षराची कड कापल्यासारखी स्वच्छ येते. नकली खोके सहसा खऱ्या खोक्याचे स्कॅन करून बनवतात. स्कॅन केलेले चित्र छापताना निळसर, गुलाबी, पिवळा आणि काळा अशा चार शायांच्या बारीक ठिपक्यांतून रंग उभा केला जातो. त्यामुळे जो लाल पट्टा सलग असायला हवा, तो भिंगाखाली गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांचा निघतो. बारीक अक्षरेही याच ठिपक्यांची बनतात आणि त्यांची कड करवतीसारखी होते. चार शायांपैकी एखादी किंचित सरकली तर अक्षराच्या एका बाजूला रंगीत सावली उमटते. साध्या दहापटीच्या भिंगावर मोबाइलची लेन्स टेकवून घेतलेल्या फोटोत हे सगळे लख्ख दिसते.

याच्या उलट, रंग फिका आहे की गडद, याला फोटोत फारशी किंमत नाही. ट्यूबलाइटखाली लाल वेगळा, उन्हात वेगळा, आणि मोबाइल आपल्या मनाने त्यात आणखी फेरफार करतो. खात्रीच्या दुकानातून आणलेले खोके आणि संशयित खोके एकाच चौकटीत ठेवून एकाच उजेडात फोटो काढला असेल तेव्हाच रंगांची तुलना करावी.

दुसरी पाहण्याची जागा म्हणजे बॅच क्रमांक आणि तारीख. या गोष्टी खोके छापून झाल्यावर, माल भरताना उमटवतात. म्हणून त्यांची शाई वेगळी असते, बहुधा ठिपक्याठिपक्यांच्या इंकजेट अक्षरांची, आणि जागाही खोक्यागणिक एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे सरकते. चार खोक्यांवर बॅचचा आकडा अगदी एकाच जागी, बाकीच्या मजकुराच्याच शाईत, त्याच कडांसह आला असेल, तर तो चित्राचा भाग म्हणून छापला गेला आहे. अस्सल खोक्याचे स्कॅन केले की त्याच्यावरचा बॅच क्रमांकही स्कॅन होतो, आणि नकली मालाच्या हजारो खोक्यांवर एकच दिवस कायमचा गोठतो. म्हणून चार प्लग घ्यायचे असतील तर चारही खोक्यांचा एकत्र फोटो मागवणे फायद्याचे ठरते.

भारतात विकल्या जाणाऱ्या बंद खोक्यावर वैधमापन शास्त्राच्या २०११ सालच्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार काही मजकूर असावाच लागतो. उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, नगसंख्या, महिना आणि वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत, आणि तक्रारीसाठी संपर्क. बाहेरून आलेल्या मालावर मूळ देशही हवा. जपानमध्ये बनल्याचे सांगणाऱ्या प्लगच्या खोक्यावर आयातदाराचा पत्ता असलेले लेबल नसेल, तर तो माल सरळ वाटेने आलेला नाही. तो नकलीच असेल असे नव्हे. परदेशी बाजारासाठीचा खरा मालही असा आडवाटेने येतो. पण मग तक्रार कुणाकडे करायची याचा पत्ता राहत नाही.

होलोग्राम आणि क्यूआर कोड यांवर लोकांचा फार विश्वास असतो. होलोग्राम एका फोटोत ओळखता येत नाही. खोके थोडे कलते करून दोन फोटो काढले आणि दोन्हींत चित्र बदलले, तरच तो होलोग्राम. न बदलणारा तो नुसता चमकीचा कागद. क्यूआर कोड तर झेरॉक्सनेही उचलता येतो. एकच कोड चारही खोक्यांवर निघाला, किंवा स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी भलतेच पान उघडले, तर संशयाला जागा आहे. नीट उघडला म्हणून काही सिद्ध होत नाही.

खोक्याबाबत एक भेद लक्षात ठेवावा लागतो. वाईट छपाई नकली मालाविरुद्ध मोठा पुरावा आहे, पण चांगली छपाई अस्सलपणाचा पुरावा नाही. गॅरेजच्या कचऱ्यातली रिकामी खरी खोकी पुन्हा भरली जातात. शिवाय कंपन्या खोक्याची रचना वेळोवेळी बदलतात, आणि एकाच प्लगची वेगवेगळ्या देशांतली खोकी वेगळी असतात. 'मागच्या वेळी असे नव्हते' एवढ्यावरून माल परत करणे घाईचे होईल. निवाडा शेवटी आतल्या वस्तूवर येतो.

प्लगचे टोक

उदाहरण म्हणून एनजीके कंपनीचा BKR6EIX-11 हा प्लग घेऊ. या कंपनीचे नाव २०२३ पासून निटेरा झाले, पण प्लगवर एनजीके हीच अक्षरे राहिली. क्रमांकातच प्लगचे वर्णन आहे. आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर, पान्याचा षटकोन १६ मिलिमीटर, रेडिओतली खरखर थांबवणारा रेझिस्टर आत, उष्णतेची श्रेणी ६, आट्यांच्या भागाची लांबी १९ मिलिमीटर, टोक इरिडियमचे, आणि शेवटचा ११ म्हणजे १.१ मिलिमीटरचा गॅप.

इरिडियम हा धातू सुमारे २,४४६ अंश सेल्सिअसला वितळतो. साध्या प्लगमधले निकेल १,४५५ अंशांनाच वितळते. इरिडियम इतका चिवट असल्याने मधला इलेक्ट्रोड अगदी बारीक करता येतो, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी दाबाच्या विजेनेही उडी घेते. या प्लगचे टोक ०.६ मिलिमीटरचे असते. नकली 'इरिडियम' प्लगमध्ये इरिडियम नसतो. तिथे निकेलचाच दांडा घासून टोकदार केलेला असतो. पण निकेल फार बारीक केले तर थोड्याच दिवसांत झिजते, म्हणून नकली प्लगचे टोक अनेकदा जाडच ठेवतात. फोटोतून पकडण्यासारखी ही सगळ्यांत भक्कम खूण.

जाडी फोटोतून मोजायची कशी? मापाची पट्टी प्लगवरच आहे. १४ मिलिमीटरच्या प्लगच्या आट्यांचे अंतर ठरलेले असते: एका आट्याच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या शेंड्यापर्यंत १.२५ मिलिमीटर. म्हणजे दहा आट्यांची लांबी १२.५ मिलिमीटर. प्लग आडवा ठेवून बरोबर बाजूने काढलेला फोटो लॅपटॉपच्या पडद्यावर उघडावा आणि साध्या फूटपट्टीने मोजत तो एवढा मोठा करावा, की दहा आटे पडद्यावर १२.५ सेंटीमीटर भरतील. आता प्रत्यक्षातला एक मिलिमीटर पडद्यावर एक सेंटीमीटर झाला. मग अस्सल प्लगचे इरिडियमचे टोक पडद्यावर ६ मिलिमीटर आणि गॅप ११ मिलिमीटर भरायला हवा.

समजा, आलेल्या फोटोत टोक ११ मिलिमीटर भरले आणि गॅप ८. म्हणजे प्रत्यक्षात टोक १.१ आणि गॅप ०.८ मिलिमीटर. यातला गॅपचा फरक एकट्याने काही सांगत नाही. प्लग हातातून पडला तरी बाहेरचा इलेक्ट्रोड वाकतो, आणि काही मेकॅनिक गॅप मुद्दाम ठोकून कमी करतात. टोकाची जाडी मात्र कोणी बदलत नाही. फोटोची कड थोडी अस्पष्ट असली तर पडद्यावर अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे प्रत्यक्षात ०.०५ मिलिमीटरची चूक होईल. ०.६ चे १.१ होण्याइतकी ती मोठी नाही. हा प्लग त्या क्रमांकाचा नाही, एवढे छातीठोकपणे म्हणता येते. प्लग तिरका ठेवून काढलेल्या फोटोत मात्र ही पद्धत चालत नाही, कारण तिरकेपणात आट्यांची लांबी आक्रसते आणि टोकाची रुंदी तशीच राहते. सगळे मोजमाप उगाच जाड येते.

जाडीनंतर पाहायचा तो जोड. इरिडियमची टाचणीसारखी तार निकेलच्या बुडख्यावर लेसरने सांधलेली असते. त्या सांध्याची बारीक कडी टोकाच्या मुळाशी चहूबाजूंनी सारख्या रुंदीची दिसते, आणि तिची चकाकी वरच्या-खालच्या धातूपेक्षा थोडी वेगळी असते. ही कडी नसेल, दांडा बुडापासून शेंड्यापर्यंत एकाच धातूचा निमुळता होत गेलेला दिसत असेल, तर ते टोक घासून काढलेले आहे. नुसता रंग मात्र फसवा. इरिडियम आणि निकेल फोटोत दोन्ही रुपेरीच दिसतात.

वर वाकलेला बाहेरचा इलेक्ट्रोडही बोलका असतो. या मालिकेत त्याचे टोक दोन्ही बाजूंनी निमुळते कापलेले असते. डेन्सो कंपनीच्या इरिडियम पॉवर मालिकेत मधले टोक आणखी बारीक, ०.४ मिलिमीटरचे असते आणि बाहेरच्या इलेक्ट्रोडच्या आतल्या अंगाला इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची खाच असते. निमुळतेपणा किंवा खाच जिथे हवी तिथे नसेल, तर नकली बनवणाऱ्याने साध्या प्लगचाच भाग चिकटवला आहे. प्लग उभा धरून समोरून फोटो काढला तर बाहेरचा इलेक्ट्रोड मधल्या टोकाच्या बरोबर वर येतो का, आणि पांढरी चिनीमातीची नळी आटेवाल्या कवचाच्या मधोमध आहे का, हेही कळते. नळीभोवतीची काळी पोकळी एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद दिसली, तर जुळवणी ढिसाळ आहे.

आट्यांचे शेंडे पाहावेत. चांगल्या प्लगचे आटे दाबून उमटवलेले असतात. त्यांचे शेंडे गुळगुळीत आणि उजेडात सलग चमकणारे येतात. खरवडून कापलेल्या आट्यांच्या कडांवर बारीक कोर राहते. बाजूच्या उजेडात ती तुटक तुटक चमकते. असा प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये जबरदस्तीने आवळला की हेडचे आटे जातात. मग प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च हेड दुरुस्तीला येतो. आट्यांच्या वरचा वॉशर अस्सल प्लगवर दाबून अडकवलेला असतो. तो सहज फिरून निघून येत असेल तर तो नंतर घातलेला आहे. हे फोटोत नव्हे, छोट्या व्हिडिओत दिसते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. वापरलेल्या प्लगच्या पांढऱ्या भागावर, षटकोनाच्या जरा वर, तपकिरी डाग पडतो. तो पाहून प्लगमधून गॅस गळतो, माल डुप्लिकेट आहे, असा निकाल लावला जातो. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे कण त्या भागाकडे ओढले जाऊन चिकटतात. अस्सल प्लगवरही हा डाग पडतोच. त्यावरून काहीच ठरत नाही.

फिल्टरच्या घड्या

गाडीचा कागदी एअर फिल्टर सेल्युलोजच्या जाड कागदाचा असतो. कागद ओलाव्याने मऊ पडू नये म्हणून त्यात रेझिन मुरवून भट्टीत कडक करतात. कागद सपाट ठेवला तर डब्यात पुरेसा मावणार नाही, म्हणून त्याच्या घड्या घालतात आणि चारही कडा पॉलियुरेथेनच्या मऊ चौकटीत ओततात. फिल्टर किती धूळ अडवतो आणि हवेला किती अडथळा करतो, हे तपासण्याची पद्धत आयएसओ ५०११ या मानकात दिली आहे. ती चाचणी फोटोतून होत नाही. पण चाचणीत कमी पडणारा फिल्टर का कमी पडतो, यातली बरीच कारणे घड्यांत उघड दिसतात.

सर्वांत मोठे कारण म्हणजे कमी कागद. समजा एका फिल्टरमध्ये ६० घड्या आहेत, प्रत्येक घडी ४ सेंटीमीटर खोल आणि २० सेंटीमीटर लांब. घडीला दोन बाजू असतात, म्हणून कागदाचे क्षेत्रफळ ६० गुणिले २ गुणिले ०.०४ गुणिले ०.२०, म्हणजे ०.९६ चौरस मीटर. त्याच आकाराच्या नकली फिल्टरमध्ये ४० घड्या असतील तर ते ०.६४ वर येते. एक तृतीयांश कागद गायब. इंजिनाला लागणारी हवा तेवढीच असते, म्हणून ती उरलेल्या कागदातून दीडपट वेगाने जाते आणि कागद लवकर भरतो. फिल्टर गाडीत नवा असताना याची चाहूलही लागत नाही.

घड्या मोजायला वरून काढलेला एक फोटो पुरतो, पण घडीची खोली वरून दिसत नाही, आणि हुशार नकलाकार तिथेच कागद वाचवतो. घड्यांची संख्या बरोबर, खोली तीन सेंटीमीटर, बाहेरची चौकट मात्र पूर्ण जाडीची. म्हणून दुसरा फोटो बाजूने हवा, आणि शेजारी दहा रुपयांचे नाणे. या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असल्याने खोलीचा अंदाज लगेच येतो. तुलना त्याच पार्ट नंबरच्या खात्रीच्या फिल्टरशीच करावी. वेगळ्या कंपनीचा फिल्टर वेगळ्या कागदाचा असू शकतो आणि कमी घड्यांतही आपले काम करू शकतो. कागद पिवळा आहे की पांढरा, यावरूनही दर्जा ठरत नाही.

नंतर पाहावे घड्यांचे अंतर. चांगल्या फिल्टरमध्ये घड्यांचे शेंडे सरळ रेषेत, सारख्या अंतरावर आणि एका उंचीवर असतात. घड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून कागदावर बारीक उठाव दाबलेले असतात किंवा आडव्या गोंदाच्या रेषा ओढलेल्या असतात. हे आधार नसले की घड्या वाकतात, दोन-तीन एकत्र येतात आणि त्यांच्यामधल्या कागदापर्यंत हवाच पोचत नाही. घड्या ६० असल्या तरी काम ४५ घड्यांइतकेच होते. फोटोत चिकटलेल्या घड्या जाड काळ्या पट्ट्यासारख्या आणि त्यांच्या शेजारची मोकळी जागा रुंद दिसते.

घडीच्या दुमडीवर कागद फाटण्याचा धोका असतो, विशेषतः रेझिन कमी-जास्त झाले की. ही फाट साध्या फोटोत दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या मागे टॉर्च धरून, फोनचा उजेड कमी करून फोटो घ्यावा लागतो. कागदाच्या तंतूंमुळे उजेड ढगाळ, थोडा कमी-जास्त दिसला तर त्यात काही गैर नाही. दुमडीच्या रेषेवर टाचणीच्या टोकासारखे तेजस्वी ठिपके दिसले, तर तिथे भोक आहे.

चौकटीचा रबरासारखा भाग बहुतेक जण पाहतच नाहीत. वास्तविक धूळ आत शिरण्याचा सर्वांत सोपा रस्ता तोच. अस्सल फिल्टरमध्ये कागदाच्या कडा चौकटीत पूर्ण बुडालेल्या असतात. नकलीत कोपऱ्यावर कागद आणि चौकट यांच्यामध्ये फट राहते, फेसाचे फुगे फुटून खड्डे पडलेले असतात, किंवा ओठाची जाडी इतकी कमी असते की डबा बंद केल्यावर तो दाबलाच जात नाही. चारही कोपऱ्यांचे जवळून फोटो मागवले की हे बहुतांशी कळते.

जिथे फोटो अपुरा पडतो

प्लगमधला रेझिस्टर आणि उष्णतेची श्रेणी कोणत्याही फोटोत दिसत नाहीत. उष्णतेची श्रेणी आतल्या चिनीमातीच्या नळीच्या लांबीवर अवलंबून असते, आणि ती नळी कवचात लपलेली असते. श्रेणी चुकली तर टोक गरजेपेक्षा जास्त तापते, ठिणगीच्या आधीच इंधन पेटते, आणि पिस्टनचा माथा वितळू शकतो. रेझिस्टर नसला तर इंजिन चालते, पण रेडिओ खरखरतो, आणि संगणकावर चालणाऱ्या नव्या इंजिनात संदेशांत गडबड होऊ शकते. रेझिस्टर तपासायला मल्टिमीटरची एक तार वरच्या टोकाला आणि दुसरी मधल्या इलेक्ट्रोडला लावावी. साधारण ५ किलोओहमच्या आसपास आकडा आला तर रेझिस्टर आहे, जवळजवळ शून्य आला तर नाही. विक्रेत्याकडून फोटो मागवायचाच असेल तर मल्टिमीटरच्या या आकड्याचा मागवावा. छपाईच्या दहा फोटोंपेक्षा तो अधिक सांगतो.

फिल्टरच्या बाबतीत कागदाची गाळण्याची ताकद अशीच फोटोबाहेर राहते. दिसायला नीटस घड्या घातलेला कागदही सैल असेल तर बारीक धूळ आरपार जाते. त्याचा पुरावा नंतर मिळतो, आणि तो फोटोतच मिळतो. फिल्टर लावल्यावर हजार-दीड हजार किलोमीटरने डबा उघडून फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या नळीचा आतला भाग टॉर्चच्या उजेडात टिपावा. ती बाजू स्वच्छ हवी. डब्याच्या कडेवरून निघून नळीकडे जाणारी धुळीची रेघ दिसली तर हवा चौकटीच्या फटीतून जाते आहे. नळीच्या सगळ्या भिंतीवर सारखी पिवळसर भुकटी बसली असेल, तर दोष कागदात आहे. पहिल्या प्रकारात फिल्टर नीट बसवला नसण्याचीही शक्यता असते, म्हणून आधी क्लिपा आणि डब्याची कड तपासावी. दुसऱ्या प्रकारात तो फिल्टर काढून टाकण्यापलीकडे उपाय नाही.